परदेशी वेबसाइटवरून मागवलेलं विजेचं यंत्र: पिन, व्होल्टेज आणि वॉरंटी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वरुड तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं आणि इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचं दुकान आहे. संत्र्याच्या या पट्ट्यात पंप, स्टार्टर, इन्व्हर्टर हे माझं रोजचं काम. अलीकडे त्यात परदेशी वेबसाइटवरून मागवलेल्या यंत्रांची भर पडली आहे. कोणी अंडी उबवायचं यंत्र मागवतं, कोणी सोल्डरिंग स्टेशन, कोणी फळं सुकवायचं यंत्र. त्यातली बरीच पहिल्याच दिवशी जळून माझ्या टेबलावर येतात, आणि ती आणणारे जवळजवळ सारखेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो.

पिन तर बरोबर बसली होती, मग यंत्र जळलं कशानं?

हा प्रश्न मला अगदी याच शब्दांत एका महिला बचत गटाच्या अध्यक्ष ताईंनी विचारला. "भाऊ, पिन तर बसली, मंग जळलं काऊन?" त्यांचं यंत्र या पानावर पुढेही येत राहील, म्हणून आधी त्याची हकिकत सांगतो.

गटाच्या बायका संत्र्याची साल आणि चकत्या सुकवून विकतात. उन्हात सुकवलं की धूळ बसते, आणि ऐन आंबिया बहाराच्या तोडणीत ढग आले तर माल काळा पडतो. म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या एका विक्रेत्याच्या वेबसाइटवरून दहा थाळ्यांचं फूड डिहायड्रेटर मागवलं. त्याच्या पिना चपट्या होत्या. बाजारातून ट्रॅव्हल अॅडॉप्टर आणला, पिन त्यात घातली, अॅडॉप्टर बोर्डात घातला आणि बटण दाबलं. दोन सेकंदांत आत फट् असा आवाज झाला, धूर निघाला आणि पडदा काळा झाला.

यंत्राच्या पाठीवरच्या लेबलवर हे छापलेलं होतं:

```
AC 120V 60Hz 600W
```

आपल्या बोर्डात २३० व्होल्ट असतात. ट्रॅव्हल अॅडॉप्टरच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात, दुसरं काही नसतं. तो चपट्या पिनेला गोल पिनेचा आकार देतो, व्होल्टेजला हातही लावत नाही. म्हणजे १२० व्होल्टच्या यंत्राला थेट २३० व्होल्ट मिळाले.

याचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. ६०० वॅटची हीटरची तार १२० व्होल्टवर ५ अँपिअर ओढते, म्हणजे तिचा रोध २४ ओहम. त्याच तारेला २३० व्होल्ट दिले की साधारण ९.६ अँपिअर वाहतात आणि हीटर ६०० ऐवजी २,२०० वॅटचा होतो. व्होल्टेज दुपटीला थोडं कमी आहे, पण उष्णता पावणेचार पटीच्या आसपास जाते. लोकांना वाटतं दुप्पट व्होल्टेज म्हणजे दुप्पट गरम. तसं होत नाही, कारण व्होल्टेजबरोबर करंटही वाढतो आणि दोन्हींचा गुणाकार होतो.

मग एवढ्यात हीटर का नाही जळला?

त्यांचं नशीब बरं होतं. यंत्र उघडल्यावर सर्किट बोर्डावर वाटाण्याएवढी निळी चकती दुभंगलेली दिसली, आणि शेजारचा काचेचा फ्यूज आतून काळा पडलेला. त्या चकतीला व्हॅरिस्टर म्हणतात. व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेलं की ती स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते. १२० व्होल्टच्या यंत्रात ती बहुधा १५० व्होल्टची असते, त्यामुळे आपली लाइन लागताच ती फुटली. हीटरची तार आणि पंखा दोन्ही वाचले. ज्या स्वस्त यंत्रात ही चकतीच नसते, तिथे आधी बोर्डावरचा छोटा ट्रान्सफॉर्मर जातो आणि मग हीटर लाल होऊन प्लास्टिक वितळू लागतं.

तुमचं यंत्र असं जळलं असेल तर फ्यूज बदलून यंत्र पुन्हा भिंतीवरच्या त्याच बोर्डात लावून बघू नका. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणं तर अजिबात नको. पहिल्या वेळी वाचलेला हीटर दुसऱ्या वेळी वाचत नाही.

घेण्याआधीच कसं ओळखायचं, आपल्याकडे चालेल की नाही?

पिनेचा फोटो बघायचा नाही, लेबलचा बघायचा. लेबलवर `INPUT` या शब्दापुढे काय लिहिलं आहे, सगळा निर्णय त्यावर होतो.

```
INPUT: 100-240V~ 50/60Hz 1.5A
```

असं लिहिलं असेल तर ते यंत्र जगात जवळजवळ कुठेही चालतं. लॅपटॉप, मोबाइल आणि कॅमेऱ्याचे बहुतेक चार्जर असेच असतात. इथे फक्त पिनेचा प्रश्न उरतो. नुसतं `120V 60Hz` असेल तर ते अमेरिकेपुरतं, आणि नुसतं `100V` असेल तर बहुधा जपानपुरतं. `220-240V 50Hz` असेल तर आपल्या लाइनवर चालेल.

ढोबळ नियम असा की ज्यात बॅटरी आहे आणि जे वेगळ्या चार्जरवर चालतं, ते बहुधा १०० ते २४० चं असतं. जे तापवतं, फिरवतं किंवा दळतं, ते बहुधा एकाच व्होल्टेजचं असतं. केसांचा ड्रायर, मिक्सर, ब्रेड मेकर, इस्त्री, उबवणी यंत्र आणि डिहायड्रेटर या दुसऱ्या गटात येतात. पण हा फक्त अंदाज आहे. लेबल काही वेगळं सांगत असेल तर लेबलच खरं मानायचं.

काही यंत्रांना मागे ११५ आणि २३० असं छोटं लाल सरकबटण असतं. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये ते हमखास दिसतं. अशा यंत्रावर दोन्ही आकडे छापलेले असतात, पण बटण ११५ वर ठेवून आपल्या बोर्डात लावलं तर ते लगेच जातं. खोक्यातून काढलं की आधी हे बटण बघा.

वेबसाइटवर लेबलचा फोटोच नाही. आता?

विक्रेत्याला लिहून मागा: यंत्राच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो आणि पूर्ण मॉडेल नंबर. "भारतात चालेल का?" एवढंच विचारू नका. त्यावर "हो, अॅडॉप्टर लावा" असं उत्तर येतं, आणि तो अॅडॉप्टर पिनेचा की व्होल्टेजचा, हे कोणी सांगत नाही. बचत गटाच्या बाबतीत असंच झालं. पानाच्या अगदी तळाशी `120V` लिहिलेलं होतं, पण वरच्या एका अभिप्रायात कोणीतरी भारतात छान चालतं असं लिहिलं होतं. तो अभिप्राय त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा होता. एकाच नावाचं यंत्र अमेरिकेसाठी आणि युरोपसाठी वेगवेगळ्या व्होल्टेजचं बनतं, आणि बऱ्याचदा मॉडेल नंबरच्या शेवटच्या एक-दोन अक्षरांचाच फरक असतो.

फोटो मिळाला नाही तर घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

टाइप ए, टाइप सी, टाइप डी म्हणजे काय? माझ्या मोबाइललाही टाइप-सीच आहे.

मोबाइलच्या टाइप-सीचा भिंतीवरच्या पिनेशी काही संबंध नाही, फक्त नाव सारखं पडलं आहे. भिंतीवरच्या पिनांची अक्षरं अशी. दोन चपट्या पिना म्हणजे टाइप ए. त्यात खाली अर्थिंगची गोल पिन असली तर टाइप बी. ही दोन्ही अमेरिकेची, आणि जपानमध्येही टाइप ए चालते. दोन बारीक गोल पिना म्हणजे टाइप सी, युरोपची. तीन जाड चौकोनी पिना म्हणजे टाइप जी, ब्रिटनची. आपली घरातली तीन गोल पिनांची ती टाइप डी, आणि गिझर, एसीची मोठी ती टाइप एम.

युरोपात तर २३० व्होल्टच आहे. तिथलं यंत्र घेतलं की फक्त पिन बदलली, झालं?

व्होल्टेज आणि ५० हर्ट्झ दोन्ही जुळतात, म्हणून युरोपचं यंत्र अमेरिकेच्या यंत्रापेक्षा आपल्याला कितीतरी सोपं जातं. पण पिनेत एक धोका लपलेला असतो आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे.

जर्मनीच्या जाड गोल प्लगला शुको म्हणतात. त्याच्या दोन पिना आपल्या बोर्डात पुष्कळदा बसतात आणि यंत्र सुरूही होतं. पण शुकोची अर्थिंग पिनेत नसते. ती प्लगच्या दोन बाजूंना असलेल्या धातूच्या पट्ट्यांत असते आणि तिथल्या सॉकेटच्या बाजूच्या क्लिपांना टेकते. आपल्या सॉकेटला त्या क्लिपा नाहीत. म्हणजे यंत्र चालतं, पण त्याच्या लोखंडी अंगाला अर्थिंग मिळत नाही. आत एखादी वायर सुटून बॉडीला लागली तर ना फ्यूज उडणार, ना एमसीबी पडणार, आणि पहिला हात लावणाऱ्याला शॉक बसेल. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून असं यंत्र वापरणं फार धोक्याचं आहे.

दोन बारीक पिनांच्या टाइप सी प्लगची गोष्ट वेगळी. त्याची पिन ४ मिलिमीटर जाड असते आणि आपल्या सॉकेटची भोकं ५ मिलिमीटरहून थोडी जास्त जाड पिनेसाठी असतात. पिन ढिली बसते, ठिणगी पडते आणि सॉकेट पिवळं पडत जातं. मोबाइल चार्जरसारख्या थोड्या करंटला चालून जातं. हीटरला चालत नाही.

मग पिनेसाठी सगळ्यात चांगला उपाय कोणता?

यंत्राची दोरी मागून निघते का ते आधी बघा. कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर यांची दोरी निघते. छोट्या यंत्रांना इंग्रजी आठच्या आकड्यासारखं तोंड असतं, लॅपटॉपच्या चार्जरला तीन पाकळ्यांचं. या तिन्ही प्रकारांच्या, आपल्या पिनांच्या आणि आयएसआय छाप असलेल्या दोऱ्या अमरावती, नागपूरच काय, वरुडच्या दुकानांतही मिळतात. परदेशी दोरी काढून बाजूला ठेवा आणि आपली लावा. दोरी तीन तारांची असेल तर अर्थिंग मिळते (आठच्या आकड्याच्या दोरीत ती नसतेच), पिन घट्ट बसते आणि वॉरंटीलाही काही होत नाही, कारण तुम्ही काहीच कापलेलं नसतं.

दोरी निघत नसेल आणि यंत्र २३० चं असेल, तर वॉरंटीची मुदत संपेपर्यंत अर्थिंग पोचवणारा चांगला तीन पिनांचा अॅडॉप्टर लावा. नंतर वायरमनकडून प्लग बदलून घ्या. ब्रिटनचा प्लग कापताना लक्षात ठेवा की त्याच्या आत छोटा फ्यूज असतो. प्लग गेला की तो फ्यूजही जातो.

कन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर एकच का?

नाही. तळहातावर मावणारा आणि "१६०० वॅट" लिहिलेला ट्रॅव्हल कन्व्हर्टर विजेची लाट कापून तिची सरासरी कमी करतो. तो केस वाळवायच्या ड्रायरसारख्या नुसत्या हीटरसाठी आणि तेही काही मिनिटांपुरता असतो. डिजिटल पडदा, टायमर किंवा मोटार असलेल्या यंत्राला तो लावला तर आतला बोर्ड जाऊ शकतो.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. तो खरोखर व्होल्टेज उतरवतो आणि लाटेचा आकार तसाच ठेवतो. खरा ट्रान्सफॉर्मर जड असतो. १००० व्हीएचा, म्हणजे ढोबळमानानं १००० वॅटच्या भाराचा, आणि दोन वेगळ्या वायंडिंगचा ट्रान्सफॉर्मर एका हातात सहज झुलवता येत नाही. कोणी दीड किलोच्या डब्यावर १००० वॅट लिहून देत असेल तर विश्वास ठेवू नका.

बचत गटाचं यंत्र ट्रान्सफॉर्मरवर चाललं का? किती व्हीएचा लागला?

चाललं. पण त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागल्या.

पहिली म्हणजे क्षमता. हीटर ६०० वॅट आणि पंखा-बोर्ड मिळून ४० धरले तर ६४० होतात. डिहायड्रेटर एका दमात आठ-दहा तास चालतो, आणि मे महिन्यात आमच्या दुकानातच पारा ४५ च्या आसपास असतो. ट्रान्सफॉर्मरला काठावर चालवलं तर तो तापतो. म्हणून दीडपटीहून थोडा जास्त, १००० व्हीएचा घेतला.

दुसरी गोष्ट हर्ट्झची, आणि इथे जाणकारही चुकतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०. पंख्याची साधी मोटार हर्ट्झवर फिरते, म्हणून ती आपल्याकडे सुमारे एक षष्ठांश हळू फिरते. शिवाय कमी हर्ट्झवर तेवढंच व्होल्टेज दिलं तर मोटारीचं लोखंड जास्त भरतं आणि ती गुरगुरत तापते. ६० हर्ट्झला १२० व्होल्ट, तर ५० हर्ट्झला १०० व्होल्ट, असं हे प्रमाण आहे. पण १०० व्होल्टवर हीटर ४१७ वॅटपर्यंत उतरतो आणि माल सुकायला वेळ लागतो. म्हणून मी मधला मार्ग घेतला आणि ट्रान्सफॉर्मरला ११० व्होल्टचा टॅप, म्हणजे वायंडिंगमधून काढलेली जोडणी, ठेवला. त्यावर हीटर साधारण ५०० वॅट देतो आणि मोटारीवर ताण थोडाच राहतो. पंखा हळू असल्यामुळे हवा कमी खेळते, म्हणून दहा थाळ्या भरायच्या नाहीत, आठच भरायच्या, असं ताईंना सांगितलं.

मोटार सहन करते की नाही हे ओळखायचं सोपं आहे. पहिल्या दिवशी अर्ध्या तासानं यंत्र बंद करून पिन काढा आणि मोटारीच्या बॉडीला हात लावा. हात टेकवून ठेवता आला तर चालेल. चटका बसून हात मागे घ्यावा लागला तर व्होल्टेज आणखी उतरवा, नाहीतर पंखाच बदला.

तिसरी गोष्ट आपल्या गावची लाइन. तिच्यासाठी पुढचा प्रश्न बघा.

आमच्याकडे संध्याकाळी १८० व्होल्ट असतात आणि मध्यरात्री २५५. त्याचं काय?

हा आपल्या भागाचा खरा प्रश्न आहे. शेतीपंप सुरू असताना लाइन खाली बसते, आणि पंप बंद झाले की वर जाते. ट्रान्सफॉर्मर हे चढउतार जसेच्या तसे पुढे पाठवतो. १८० व्होल्ट आले तर ११० च्या टॅपवर ८६ निघतात आणि हीटरची ताकद निम्म्यावर येते. माल रात्रभर ठेवला तरी सकाळी दमट लागतो, आणि लोक म्हणतात यंत्रच खराब आहे. २५५ आले तर १२२ निघतात. ते १२० च्या आसपासच आहे, म्हणून हीटरला धोका नाही. टॅप १२० चा असता तर हेच १३३ झाले असते. ११० निवडण्याचं हे दुसरं कारण. मोटारीला मात्र १२२ जास्तच होतात, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या आधी स्टॅबिलायझर लावून घेतला. क्रम उलटा करू नका, आधी स्टॅबिलायझर, मग ट्रान्सफॉर्मर.

१०० ते २४० लिहिलेल्या चार्जरांना मात्र ही लाइन उलट सोयीची जाते. १४० व्होल्टवरही लॅपटॉप निवांत चार्ज होतो आणि स्टॅबिलायझर लागत नाही. वर २४० लिहिलं असलं तरी चांगले चार्जर साधारण २६४ पर्यंत सहन करतील असे बनवलेले असतात. पण डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात ३५०-४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, आणि तेव्हा काहीच वाचत नाही. बल्ब अचानक फार उजळ झाले किंवा एका खोलीत उजळ आणि दुसरीत मंद दिसू लागले, तर लगेच मेन स्विच पाडा आणि महावितरणला कळवा.

चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर आणि मोटार चालवू नका. दोन्ही गुरगुरतात आणि तापतात.

वेबसाइटवर एक वर्षाची वॉरंटी लिहिली होती. ती आपल्याकडे चालते का?

"एक वर्ष" हे शब्द मोठ्या अक्षरात असतात. वॉरंटी कोण देतो, कोणत्या देशात देतो आणि कशासाठी देत नाही, या तीन गोष्टी बारीक अक्षरांत असतात. बचत गटाच्या यंत्राचं वॉरंटी कार्ड मी ताईंसमोर बसून ओळ न् ओळ वाचलं. त्यात चार ठिकाणी त्यांचा दावा अडकत होता.

वॉरंटी फक्त अमेरिका आणि कॅनडात विकत घेऊन तिथेच वापरलेल्या यंत्राला होती. भारतात या कंपनीचं सेवा केंद्रच नव्हतं. असतं तरी प्रादेशिक वॉरंटी असेल तर ते अनुक्रमांक बघून परत पाठवू शकतात, कारण त्यांच्याकडे १२० व्होल्टचा बोर्ड ठेवलेलाच नसतो. "आंतरराष्ट्रीय वॉरंटी" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच आशा धरा, आणि तेव्हाही भारताचं नाव यादीत आहे का ते बघा.

दुसरी अट चुकीच्या व्होल्टेजची. लेबलपेक्षा वेगळ्या व्होल्टेजवर वापरल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत नाही, असं तिथे छापलेलं होतं. फुटलेला व्हॅरिस्टर बघून कोणताही तंत्रज्ञ कारण सांगू शकतो, लपवण्यासारखं काही राहत नाही. लक्षात घ्या, ट्रान्सफॉर्मर लावून वापरलं तरीही पुष्कळ कंपन्या दावा नाकारतात.

तिसरी अट घरगुती वापराची. गट माल सुकवून विकतो, म्हणजे तो व्यवसाय झाला. घरगुती वर्गाच्या यंत्राला व्यावसायिक वापरात वॉरंटी नाही, ही अट आपल्याकडच्या मिक्सर-ग्राइंडरलाही असते. बचत गट, गृहउद्योग आणि दुधाच्या डेअऱ्या इथे हमखास अडकतात.

चौथी अट वाहतुकीची. दावा मान्य झाला तरी यंत्र तिकडे पाठवायचा खर्च ग्राहकाचा. नऊ किलोचं खोकं अमेरिकेला पाठवायचा कुरिअरचा भाव विचारला, तर तो यंत्राच्या किमतीच्या जवळ गेला.

विक्रेत्याची वॉरंटी आणि कंपनीची वॉरंटी वेगळी असते का?

हो, आणि घेण्याआधी हे विचारायलाच हवं. काही विक्रेते कंपनीचे अधिकृत नसतात. ते माल दुसऱ्या देशातून उचलून विकतात आणि स्वतःची सहा महिन्यांची किंवा वर्षाची वॉरंटी देतात. तो विक्रेता असेपर्यंतच ती वॉरंटी असते. आपल्या देशातल्या मोठ्या शॉपिंग अॅपवरही "परदेशातून पाठवलं जाईल" असं लिहिलेला माल असतो. अॅप भारतीय आहे म्हणून वॉरंटीही भारतातली आहे, असं धरून चालू नका.

विक्रेत्याला ईमेलने तीन प्रश्न विचारा आणि उत्तर जपून ठेवा. या अनुक्रमांकाची वॉरंटी भारतात कोणत्या पत्त्यावर मिळेल? नादुरुस्त यंत्र परत पाठवायचा खर्च कोणाचा? चार्जर आणि बॅटरीला वॉरंटी आहे का आणि किती दिवस? तिसऱ्याचं उत्तर पुष्कळदा मुख्य यंत्रापेक्षा कमी मुदतीचं येतं.

दुरुस्तीला परदेशात पाठवलं तर परत येताना पुन्हा सीमाशुल्क लागतं का?

नुसतं पोस्टात टाकून दिलं तर परत येताना ते नवीन माल समजलं जाऊ शकतं. दुरुस्तीसाठी पाठवलेल्या मालाला सवलत आहे. शुल्क पूर्ण किमतीवर न लागता दुरुस्तीचा खर्च आणि दोन्हीकडची वाहतूक, विमा यावर लागतं. पण त्यासाठी माल जाताना कागदावर "दुरुस्तीसाठी, परत येणार" असं नोंदवलेलं हवं आणि अनुक्रमांक लिहिलेला हवा. कुरिअर कंपनीशी हे खोकं बंद करण्याआधी बोला. बॅटरी फुगली असेल तर ती विमानाने जात नाही. कुरिअरवाल्याने ती नाकारली तर त्याच्याशी वाद घालू नका, ती आगीची वस्तू आहे.

ग्राहक आयोगात जाता येतं का?

येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. आमच्यासाठी ते अमरावती. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी वेबसाइटलाही लागू आहेत. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

पण खरं ते सांगितलं पाहिजे. ज्या विक्रेत्याचं भारतात कार्यालय नाही, मालमत्ता नाही, त्याच्याकडून आयोगाचा आदेश वसूल करणं फार कठीण असतं. माल भारतीय अॅपवरून घेतला असेल तर निदान उत्तर द्यायला कोणीतरी इथे असतं.

कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर वाद नोंदवणं हा जास्त लवकर होणारा मार्ग आहे. त्याला मुदत असते, म्हणून वाट बघत बसू नका. वेबसाइटवर `100-240V` लिहून १२० चं यंत्र पाठवलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. पानावर १२० लिहिलेलंच होतं आणि आपण वाचलं नाही, तर बँकही काही करू शकत नाही. म्हणून मागवण्याच्या दिवशीच त्या पानाचा खालपर्यंत स्क्रीनशॉट काढून ठेवा. नंतर पान बदलतं.

बचत गटाच्या यंत्राचं शेवटी काय झालं?

वॉरंटीचा नाद सोडला. व्हॅरिस्टर आणि फ्यूज बदलला, बोर्ड सुरू झाला. स्टॅबिलायझर आणि ट्रान्सफॉर्मर धरून जवळजवळ निम्म्या यंत्राइतका खर्च आला. तो आधी माहीत असता तर हे यंत्र घेतलंच नसतं, असं ताई म्हणाल्या, आणि ते बरोबर आहे. २३० व्होल्टचा डिहायड्रेटर आपल्या देशातही मिळतो.

यंत्राची चपटी पिन मात्र मी बदलली नाही. ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावरच अमेरिकन सॉकेट बसवलं, म्हणजे यंत्र फक्त तिथेच लागेल. ट्रॅव्हल अॅडॉप्टर माझ्याकडे ठेवून घेतला. त्यांच्या शेडमध्ये सगळ्या प्रकारच्या पिना घेणारा एक युनिव्हर्सल एक्स्टेन्शन बोर्ड होता. चपटी पिन त्यात सरळ गेली असती, म्हणून तो काढून साधा तीन पिनांचा बोर्ड लावला. गटात कामाला रोज वेगवेगळ्या बायका येतात, प्रत्येकीला ११० आणि २३० समजावत बसता येत नाही. आता चुकीच्या जागी पिन बसतच नाही. पहिल्या खेपेला आठ थाळ्या साल अकरा तासांत कडकडीत वाळली.